इंजेक्शनशिवाय गायीला पान्हा कसा सोडवावा

समजा, वाळपईजवळच्या एका गोठ्यात जर्सी संकरित गायीचं वासरू दगावलं. गाय पान्हा चोरू लागली, म्हणून कुणीतरी ऑक्सिटोसिनची बाटली आणून दिली. सुई टोचली की मिनिटाभरात धार येते. हळूहळू ती रोजची सवय होते.

ऑक्सिटोसिन गायीच्या मेंदूतून आपोआपच सुटतं. त्याने कासेतल्या दुधाच्या बारीक पिशव्या आवळतात आणि दूध सडांकडे उतरतं. सुई नवं दूध तयार करत नाही, साठलेलं बाहेर ढकलते. रोज टोचल्यावर कास स्वतःच्या पान्ह्याला दाद देईनाशी होते आणि सुई चुकवली की दूध अडतं. रोजच्या टोचण्याने गळवं होतात ती वेगळीच. गाभण गायीला तर कधीच टोचू नये, कारण गर्भाशयही याच औषधाने आकुंचन पावतं. दूध वाढवण्यासाठी गुरांना अपाय करणारं इंजेक्शन देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम १२ खाली गुन्हा आहे. अडलेल्या वारेसारख्या कारणासाठी ते द्यायचं की नाही, हे पशुवैद्याने ठरवावं.

सवय मोडायची तर आधी पशुवैद्याकडून कास तपासून घ्या. सडात दुखणं असेल तर कितीही चुचकारलं तरी गाय पान्हा सोडणार नाही. रोज टोचत असाल तर मात्रा कशी उतरवायची तेही त्यांनाच विचारा.

मग धार काढण्याची वेळ आणि माणूस ठरवून टाका. पेंड-कोंड्याचं घमेलं त्याच वेळी पुढ्यात ठेवा. चार दिवसांत घमेल्याच्या आवाजानेच गाय तयार होऊ लागते. कोमट पाण्याने कास धुऊन कोरड्या फडक्याने पुसा, सडांना खालच्या अंगाला अर्धा-एक मिनिट चोळा आणि प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा वेगळ्या भांड्यात काढा. त्यात गुठळ्या दिसल्या तर दगडीची शंका घ्या.

आता थांबा. बहुतेकांची घाई इथेच नडते. चोळायला लागल्यापासून साधारण एक ते दीड मिनिटात सड भरून ताठ होतात आणि कधी थेंब गळू लागतात. तोच पान्हा. तो पाचसात मिनिटंच टिकतो, म्हणून धार त्यातच संपवा. अंगठा दुमडून सड ओढू नका, पूर्ण मुठीने दाबा. आरडाओरडा, काठी, भुंकणारा कुत्रा, अनोळखी माणूस, यांतल्या कशानेही गाय बिचकली तर तिच्या अंगात ॲड्रेनॅलिन सुटतं आणि पान्हा अडतो. अशा वेळी दूध खेचत बसू नका. तिला शांत करून थोड्या वेळाने पुन्हा कास चोळा.

पहिले काही दिवस दूध कमी येईल, त्याला घाबरून पुन्हा सुई काढू नका. मात्र कास धार काढूनही घट्ट, गरम राहत असेल तर त्याच दिवशी पशुवैद्याला बोलवा.