एका शब्दात उत्तर मिळेल असा प्रश्न : या चुका टाळा

झेरॉक्सच्या दुकानात व्हॉट्सॲपवर 84 पानांची पीडीएफ येते आणि खाली एवढंच असतं : ‘प्रिंट काढून ठेवा, संध्याकाळी येतो.’ पीडीएफ उघडली तर 6 पानांवर रंगीत आलेख. मग आपण विचारतो, ‘सर, कलर की ब्लॅक, एका बाजूने की दोन्ही, बाइंडिंग करायचं का?’ उत्तर येतं, ‘हो.’

यात गिऱ्हाइकाचा दोष नाही. तीन प्रश्न एकत्र आले आणि शेवटचा ‘का’चा होता, त्याने त्याचंच उत्तर दिलं. एका मेसेजमध्ये एकच प्रश्न विचारा, आणि तोही ज्याच्यावर पैसे जास्त फिरतात तो. बाइंडिंगचं संध्याकाळी काउंटरवर विचारता येतं. छापलेलं रंगीत पान मात्र परत कोरं होत नाही.

दुसरी चूक पर्यायांना 1, 2, 3 आकडे देण्याची. छपाईच्या कामात ‘2’ म्हणजे दुसरा पर्याय, दोन प्रती की दोन्ही बाजू, हे कोण सांगणार? त्यापेक्षा एकमेकांशी गल्लत होणार नाही असे शब्द द्या. ‘साधी’ आणि ‘साधी पण आलेख रंगीत’ असे पर्याय ठेवले, तर नुसतं ‘साधी’ आल्यावर पुन्हा फोन करावा लागतो.

तिसरी, आणि मला सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे दर न लिहिणं. मग उत्तराऐवजी ‘किती होतील?’ येतं. साधं पान 2 रुपये आणि रंगीत 10 रुपये धरले, तर मेसेज असा होतो :

‘सर, तुमची अहवालाची फाइल, 84 पानं. 6 पानांवर रंगीत आलेख आहेत. कशी काढू?
साधी : सगळी काळी-पांढरी, 168 रु.
मिश्र : फक्त आलेख रंगीत, 216 रु.
रंगीत : सगळी, 840 रु.
एक शब्द पाठवलात तरी पुरे.’

फाइलचं नाव मुद्दाम घातलंय. दोन फाइली पाठवणाऱ्याचं ‘मिश्र’ नेमकं कुठल्या फाइलीसाठी, हा घोळ त्याने टळतो. शिवाय त्याच्याच मेसेजला रिप्लाय करून प्रश्न टाकावा, म्हणजे वर-खाली शोधावं लागत नाही.

एवढं करूनही कुणी ‘हो’ किंवा नुसता अंगठा पाठवतंच. तेव्हा तोच मेसेज पुन्हा चिकटवू नका. अंदाज बांधून विचारा, ‘मिश्र काढतो, 216 रु., चालेल ना?’ आता ‘हो’ आलं तरी काम होतं.

उत्तरच नाही आलं, तर वाट बघायची मर्यादा आधीच लिहून ठेवा : ‘5 पर्यंत कळलं नाही तर साधी काढून ठेवतो.’ न विचारता ठरवायचं ते स्वस्तातलंच. 840 रुपयांचा गठ्ठा गिऱ्हाइकाने नाकारला तर तो आपल्याच गळ्यात पडतो.