समकालीन विलंबाचे निवेदन लिहायला बसण्यापूर्वी

कंत्राटदाराचा आणि मालकपक्षाचा विलंब पूर्णत्वाची तारीख ठरवणाऱ्या एकाच क्रिटिकल पाथवर एकाच काळात आला असेल, तर निवेदनाला हात घालण्याआधी करारातील मुदतवाढीचे कलम आणि विशेष अटी वाचून घ्याव्यात. फिडिक या आंतरराष्ट्रीय नमुना कराराच्या २०१७ च्या आवृत्तीतील कलम ८.५ हा प्रश्न विशेष अटींवर सोपवते आणि त्या गप्प असतील, तर सर्व परिस्थिती पाहून योग्य ते ठरवावे एवढेच सांगते. करारात काहीच नसेल, तर ब्रिटनच्या सोसायटी ऑफ कन्स्ट्रक्शन लॉच्या विलंबविषयक प्रोटोकॉलची भूमिका मांडता येते, मात्र तो आपल्याकडचा कायदा नाही. त्या भूमिकेनुसार समकालीन काळाची मुदतवाढ कंत्राटदाराला मिळते, म्हणून त्या दिवसांचा विलंबदंड लागत नाही. वाढीव मुक्कामाचा खर्च मात्र मालकाच्या विलंबापुरता वेगळा काढून दाखवता आला तरच मिळतो.

यानंतर मूळ बेसलाइन आणि प्रत्येक महिन्याचे अद्ययावत प्रोग्रॅम एकत्र करावेत, कारण एखादे काम क्रिटिकल होते की नाही हे त्या त्या वेळच्या प्रोग्रॅमवरून ठरते, काम संपल्यावर मागे वळून काढलेल्या बार चार्टवरून नव्हे. आपल्या उपयोगासाठी एका पुलाचे कल्पित उदाहरण घेऊ. पी-४ खांबाच्या पायलिंगला १ ऑक्टोबरला सुरुवात होऊन ते ३० दिवसांत संपायचे होते आणि ३० सप्टेंबरच्या प्रोग्रॅमप्रमाणे त्या कामाला फ्लोट, म्हणजे उशीर सोसण्याची सवड, शून्य होता. खांबाच्या जागेतून जाणारी जलवाहिनी मालकपक्षाने हलवायची होती, ती ११ नोव्हेंबरला संध्याकाळी हलली. कंत्राटदाराची पायलिंग रिगही दुसऱ्या साइटवर अडकली होती, ती २७ ऑक्टोबरला सकाळी साइटवर पोहोचली. पायलिंग १२ नोव्हेंबरला सुरू झाले आणि कंत्राटदाराच्याच चुकीने ३० ऐवजी ३९ दिवस चालून २० डिसेंबरला संपले. याच काळात पी-५ वर सळईची बांधणी आठवडाभर रखडली होती, पण तिथे १८ दिवसांचा फ्लोट होता, म्हणून तो आठवडा या हिशेबातून वगळावा.

एकूण विलंब ५१ दिवसांचा आहे आणि तो तीन खिडक्यांत विभागावा. १ ते २६ ऑक्टोबर या २६ दिवसांत जलवाहिनीही जागेवर होती आणि रिगही नव्हती. एक कारण काढून टाकले तरी दुसऱ्याने काम थांबलेच असते, म्हणून हे दिवस खऱ्या अर्थाने समकालीन. २७ ऑक्टोबर ते ११ नोव्हेंबर हे १६ दिवस रिग हजर असूनही जागा मोकळी नव्हती, ते मालकाचे. उरलेले ९ दिवस कंत्राटदाराचे. म्हणजे ४२ दिवसांची मुदतवाढ मागावी, खर्च १६ दिवसांचा मागावा आणि ९ दिवसांवर विलंबदंडाची तयारी ठेवावी. दावे बहुधा इथेच बिघडतात: कंत्राटदार ४२ दिवसांचा खर्च लावतो आणि मालकपक्ष २६ अधिक ९ असा ३५ दिवसांचा दंड लावतो. घटनांचा क्रमही तपासावा, कारण रिग आधीच उशिरा येणार हे पक्के असताना जलवाहिनीचा अडथळा मध्येच उपटला आणि रिग येण्यापूर्वीच दूर झाला असता, तर त्याने पूर्णत्वाची तारीख हललीच नसती.

सर्वांत जास्त वेळ त्या २६ दिवसांच्या कागदपत्रांवर द्यावा. 'जागाच मोकळी नव्हती, म्हणून मी रिग मुद्दाम उशिरा आणली' हा कंत्राटदाराचा बचाव वारंवार ऐकू येतो आणि तो सिद्ध झाला तर ते दिवसही मालकाच्या खात्यात जातात. त्यासाठी त्या वेळी लिहिलेले पत्र हवे. दाव्याच्या वेळी सुचलेले स्पष्टीकरण चालत नाही. रिग कुठे होती हे गेट रजिस्टर, ई-वे बिल आणि भाड्याच्या करारातील तारखा सांगतात. दुसऱ्या साइटच्या दैनंदिन अहवालात 'रिग नादुरुस्त' अशी नोंद निघाली, तर तो बचाव संपलाच समजावे. जलवाहिनीच्या बाजूने पाणीपुरवठा खात्याशी झालेला पत्रव्यवहार आणि हिंडरन्स रजिस्टरवरील दोन्ही पक्षांच्या सह्या जमवाव्यात. त्या रजिस्टरमध्ये दोन्ही अडथळे एकाच वेळी असलेल्या कालावधीची नोंद असेल, तर ती आपल्या खिडक्यांशी दिवसागणिक जुळवून पाहावी. न जुळल्यास कारण निवेदनातच लिहावे, नाहीतर समोरचा वकील तो फरक पहिल्याच सुनावणीत काढून दाखवतो.

शेवटी नोटिसा तपासाव्यात. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ५५ नुसार, काळ हा कराराचा गाभा असताना ठरल्या वेळेनंतरचे पालन स्वीकारताना नुकसानभरपाईचा इरादा कळवला नसेल, तर ती नंतर मागता येत नाही. १६ दिवसांच्या खर्चाची नोटीस मुदतवाढ स्वीकारतानाच गेली होती का, हे जावक नोंदीवरून पाहावे आणि पोचपावतीची प्रत निवेदनाला जोडावी.