वार्षिक समारंभाचं प्रहसन: लिहिण्यापासून पडद्यापर्यंतची तयारी

आधी लांबी ठरवा: आठ मिनिटं, चार पात्रं, फार तर सात पानं. हशा पिकला की वेळ आपोआप वाढतो.

मग विषय. समजा, रत्नागिरीतल्या मासळीप्रक्रिया कारखान्याचं प्रहसन आहे. पहिल्या खर्ड्यात हजेरी बघणारा कारकून अडखळत बोलतो आणि त्यावरच सगळे हसतात. इथे एक कसोटी लावा: त्या जागी दुसरा कोणीही कारकून बसवला तर विनोद उरतो का? उरत नसेल, तर तो त्या माणसाच्या व्यंगावर आहे, काढून टाका. हजेरीतला खरा विनोद यंत्राशी आहे. थंड पाण्यात तासन्‌तास कोळंबी सोलून बोटं सुरकुततात आणि अंगठा उमटत नाही. म्हणून यंत्रालाच पात्र करा. ते थंडपणे म्हणतं, "बोट पुन्हा ठेवा." चौथ्या वेळी बाई विचारते, "बोट झिजलं, आता कोपर ठेवू?" हे सोलणाऱ्या बायकांना पटतं, कारकुनालाही पटतं, कारण तक्रारी तोच ऐकतो. मात्र हजेरी न लागल्याने कुणाचा पगार कापला गेला असेल, तर हा प्रसंगही घेऊ नका. पगारकपात, बदली, कामावरून काढणं यांवर वरिष्ठच तेवढे हसतात.

पात्रांची बोली तपासा. साहेब पुस्तकी मराठीत आणि शिपाईच तेवढा मालवणीत, असं झालं की विनोद शिपायावर होतो. मालवणी हवी तर शेवटचा वरचढ संवाद त्याच पात्राला द्या. आडनावं, जात, रंग, जाडी यांना हात लावू नका. साडी नेसवलेला पुरुष सहज सुचतो, पण त्यात बहुतेकदा बायकांच्या शरीराचीच टिंगल होते. बायकांवरची लैंगिक शेरेबाजी कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013च्या कायद्यानुसार छळ ठरते, आणि कंपनीचा समारंभ त्यातून सुटत नाही.

एखाद्याची लकब घ्यायचीच असेल, तर त्याला एकट्याला गाठून तो भाग वाचून दाखवा. साहेबांसमोर विचारलं तर तो "चालेल" म्हणणारच. "बघा बाबा तुम्ही" हा नकार समजा. पूर्ण वाचन आठवडाभर आधी, प्रत्येक विभागातल्या एकासमोर. कंत्राटी कामगार आणि बायका त्यात हव्यातच. कोण कुठे हसायचं थांबतो, ते पानाच्या कडेला लिहून ठेवा.

सगळ्यात जास्त घोटाळा मात्र ऐनवेळच्या पदरच्या वाक्यांनी होतो. दशावतारात संवाद उत्स्फूर्त असतात आणि तो रंग कोकणातल्या नटांच्या अंगात भिनलेला असतो. हशा मिळाला की नट समोर बसलेल्याचं नाव घेतोच. म्हणून दोन दिवस आधी संहिता बंद करा, नवं वाक्य तालमीत बोललं तरच मंचावर, हे सांगून ठेवा. ध्वनियंत्रणेजवळ संहिता घेऊन एकाला बसवा. नाव घेतलं जाताच त्याने संगीत सुरू करायचं, आणि पुढच्या पात्राने लगेच प्रवेश करायचा.