नेट स्लो की फोन स्लो? ताडून बघताना या चुका टाळा

"नेट स्लो आहे" म्हणत येणारा माणूस बहुतेक वेळा निकाल लावूनच आलेला असतो. एक तर "कंपनी चोर आहे" किंवा "माझा फोन आता म्हातारा झाला". पुरावा म्हणून स्पीड टेस्टचे स्क्रीनशॉट असतात : बायकोच्या फोनवर ९०, माझ्यावर ३५, टीव्हीवर चक्र फिरतंय. चार उपकरणं शेजारी ठेवून बघायची कल्पना उत्तमच आहे, त्याहून चांगली तपासणी घरच्या घरी होत नाही. पण ती ज्या पद्धतीने केली जाते ती बघितली की हात जोडावेसे वाटतात.

चूक पहिली : फोन हॉलमध्ये, लॅपटॉप बेडरूममध्ये

ही सगळ्यात जास्त दिसते. राउटर हॉलमध्ये टीव्हीमागे, फोन सोफ्यावर, लॅपटॉप दोन भिंतींपलीकडे, आणि निष्कर्ष काय, तर लॅपटॉप बिघडलाय. अहो, तुम्ही लॅपटॉप नाही तपासला, भिंत तपासली.

सगळी उपकरणं एकाच टेबलावर आणा, राउटरपासून दोन-तीन मीटरवर, मध्ये भिंत नको. फोनचा मोबाइल डेटा बंद करा, कारण वायफाय कच्चं वाटलं की बरेच फोन गुपचूप सिमवर जातात आणि तुम्ही भलताच आकडा लिहून घेता. व्हीपीएन बंद, बॅटरी सेव्हर बंद. मग एकेकावर टेस्ट घ्या, सर्व्हर तोच निवडून. चारही फोनवर एकदम टेस्ट लावणाऱ्यांना एवढंच सांगतो : १००ची लाइन चौघांत वाटली गेली, तर प्रत्येकाला २५च्या आसपासच येणार. तो बिघाड नाही, भागाकार आहे.

यानंतरही एक खाच राहते, बँडची. आजकालचे राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन्हींना एकच नाव देतात. एकाच टेबलावर, एकाच नावाला जोडलेले दोन फोन वेगवेगळ्या बँडवर असू शकतात आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. अँड्रॉइडवर जोडलेल्या वायफायच्या तपशिलात फ्रिक्वेन्सी आणि लिंक स्पीड बहुतेक ठिकाणी दिसतो. विंडोज लॅपटॉपवर मी ही कमांड मारतो :

```
netsh wlan show interfaces
```

त्यात `Receive rate (Mbps)` ही ओळ बघा. राउटर आणि उपकरण एकमेकांशी किती वेगाने बोलू शकतात, तो हा आकडा. इंटरनेटचा त्यात काही संबंध नाही. प्रत्यक्ष टेस्टमध्ये साधारण याच्या निम्मं ते दोन-तृतीयांश हाती लागतं. स्वस्तातला, फक्त २.४ वर चालणारा फोन असेल तर इथे बहुधा ७२ दिसेल, म्हणजे टेस्टला ४०-४५ आले तर तो फोन त्याच्या कुवतीप्रमाणे अगदी ठणठणीत आहे. शेजारचा फोन ५ गिगाहर्ट्झवर ४३३ने जोडलेला असला तर १००ची लाइन तो पूर्ण दाखवणारच. यातला कुठलाच नादुरुस्त नाही. दोघांची तुलना करायचीच तर दोघांनाही २.४ वर आणा. राउटरच्या सेटिंगमध्ये दोन्ही बँडना तात्पुरती वेगळी नावं दिली की काम झालं. तरीही एक ४० आणि दुसरा ६ देत असेल, तर मग सहावाल्याकडे बोट दाखवा.

आणि टेबलावर सगळी सारखी निघाली तर जागा बदलून बघा. रेंगाळणारा लॅपटॉप हॉलमध्ये आणा, चांगला फोन त्या बेडरूममध्ये न्या. संथपणा लॅपटॉपबरोबर हॉलमध्ये आला तर लॅपटॉप. बेडरूममध्येच मुक्कामाला राहिला तर जागा. पाच मिनिटांचं काम आहे, पण लोक त्याआधी नवीन वायफाय कार्ड मागवून बसलेले असतात.

चूक दुसरी : "सगळीच स्लो आहेत, म्हणजे लाइनच खराब"

हिच्यावर मात्र जरा बसून बोलू, कारण इथे हुशार माणसंही फसतात.

डोंबिवलीतल्या एका काकूंच्या घरची गोष्ट. प्लॅन ५० खाली, १० वर, म्हणजे डाउनलोडला ५० आणि अपलोडला १०. रोज संध्याकाळी सातनंतर नेट मरायचं, मुलाचा ऑफिसच्या कॉलवरचा आवाज तुटायचा. मुलाने तपासणी रीतसर केली होती : एकच टेबल, एकच बँड, आळीपाळीने टेस्ट. चारही उपकरणं सारखीच रखडत होती. म्हणून तक्रार केली. कंपनीचा माणूस सकाळी अकराला यायचा, सगळं छान चालायचं, तो सही घेऊन जायचा. मग घरच्यांनी कंटाळून राउटरच बदलला. संध्याकाळी पुन्हा तेच.

मी लॅपटॉप केबलने राउटरला जोडला आणि दोन खिडक्यांत दोन पिंग लावून ठेवले :

```
ping -t 192.168.1.1
ping -t 8.8.8.8
```

पहिला घरातल्या राउटरपर्यंत, दुसरा बाहेरच्या इंटरनेटपर्यंत. राउटरचा पत्ता तुमच्याकडे वेगळा असू शकतो. `ipconfig` मारून `Default Gateway`समोर काय आहे ते बघा. आमच्याकडे राउटर १ मिलिसेकंदात उत्तर देत होता आणि बाहेरचा आकडा ३०० ते ५००मध्ये नाचत होता, अधूनमधून `Request timed out`. मुलगा म्हणाला, "बघ दादा, घरातलं सगळं ठीक आहे, बाहेरच बोंब आहे."

दिसत तसंच होतं. पण स्पीड टेस्टमध्ये खाली १८ येत होते आणि वर जेमतेम ०.६. वरचा आकडा कुणी वाचतच नाही. १०च्या ठिकाणी ०.६ म्हणजे एक तर लाइन गेलेली, नाहीतर ते १० कुणीतरी वापरतंय.

म्हणून पिंग चालू ठेवून एकेका उपकरणाचं वायफाय बंद करायला सांगितलं. टीव्ही, फरक नाही. मुलाचा फोन, फरक नाही. काकूंचा फोन आतल्या खोलीत चार्जिंगला होता. त्याचं वायफाय बंद केलं आणि खिडकीतला ४१० दोन-तीन ओळींत १४ वर येऊन बसला. चालू केलं, मिनिटभरात पुन्हा ३००.

"अहो, मी तर फोनला हातही लावला नव्हता!" काकू म्हणाल्या, आणि ते खरंच होतं. भाचीच्या लग्नाचे व्हिडिओ फोनमध्ये साठले होते, गूगल फोटोजचा बॅकअप चालू होता, आणि संध्याकाळी फोन वायफायवर आणि चार्जरला आला की तो मुकाट्याने वर चढवत बसायचा. सकाळी काकू फोन घेऊन बाहेर, म्हणून कंपनीच्या माणसाला काही दिसायचं नाही.

वर चढवण्याने खालचं का अडतं, हा प्रश्न हमखास येतो. तुम्ही काही डाउनलोड करता तेव्हा "हा तुकडा मिळाला, पुढचा पाठव" अशा छोट्या पावत्या सतत वर जात असतात. वरची वाट अरुंद, आणि राउटर जास्तीचा माल टाकून न देता रांगेत धरून ठेवतो. एकपदरी घाटात ट्रकांच्या मागे अडकलेल्या स्कूटरसारख्या त्या पावत्या व्हिडिओच्या मागे अडकतात, आणि समोरचा सर्व्हर पुढचा तुकडा पाठवायचा थांबतो. पिंगही त्याच रांगेत उभा असतो, म्हणून तो ४०० दाखवतो.

आता यातली मेख बघा. काकूंच्या फोनवर स्पीड टेस्ट घेतली तर तोही इतरांइतकाच स्लो दिसतो. शेजारी शेजारी ठेवलेल्या चार उपकरणांत गुन्हेगार उठून दिसतच नाही, कारण तो स्वतःही त्याच रांगेत उभा आहे. सगळी सारखी स्लो असणं याचा अर्थ "वाट अडली आहे" एवढाच. कुणी अडवली ते त्यातून कळत नाही. म्हणून सगळी स्लो दिसली की पुढची पायरी फोन फिरवणं नाही, एकेक उपकरण काढून बघणं. घरात पंधरा-वीस उपकरणं असतील तर निम्मी एकदम बंद करा, मग उरलेल्यातली निम्मी. क्लाउडवर चढवणारे कॅमेरे विसरू नका, त्यांना कुणी उपकरण मानतच नाही.

त्या घरी उपाय साधा होता : बॅकअप बंद ठेवायचा आणि काकूंनी झोपताना चालू करायचा. ज्यांना रोजची आठवण नको त्यांनी राउटरमध्ये त्या फोनच्या अपलोडला मर्यादा घालावी, सोय असेल तर. मी १०च्या लाइनवर ५-६ च्या वर कुणालाच जाऊ देत नाही.

आधीच राउटर बंद-चालू करणं

याची मला खरोखर चीड आहे. रीस्टार्टने बरं वाटतं, मान्य. पण त्या क्षणी सगळी उपकरणं तुटतात, बॅकअप थांबतो, फोन नव्याने बँड निवडतात, आणि काय बिघडलं होतं ते कायमचं पुसलं जातं. दोन दिवसांनी दुखणं परत. आधी दोन पिंग आणि लिंक स्पीड टिपून घ्या, मग हवं तितक्या वेळा बटण दाबा.

९४ हा आकडा ओळखा

प्लॅन २०० किंवा ३००चा आहे आणि टेस्टला ९४ च्या आसपास, न हलता, तेच येतंय? मग कुठेतरी १०० एमबीपीएसचा दुवा आहे. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात. एखादी तार तुटली किंवा क्लिप नीट बसली नाही की जोडणी मुकाट्याने १००वर उतरते, कारण तेवढ्याला दोनच जोड्या पुरतात. ९४ फक्त केबलवरच्या पीसीवर असेल तर त्याची केबल किंवा तो पोर्ट. ५ गिगाहर्ट्झवर जवळ ठेवलेला फोनही ९४ वरच अडत असेल तर फायबरचा डबा आणि राउटर यांच्यामधली केबल बदला. तरीही ९४ असेल, तर राउटरच्याच पोर्टची मर्यादा १०० असू शकते. स्वस्त राउटरमध्ये अजून तसे पोर्ट येतात.

एका ओळीत

स्पीड टेस्टमधले १०० आणि डाउनलोडमध्ये दिसणारे १२ एमबी हे एकच आहे, आठाने भागा आणि मला फोन करू नका.

फोन बेडरूममधल्या रिपीटरला चिकटून हॉलपर्यंत येतो, सोडत नाही. वायफाय एकदा बंद-चालू करून मगच मोजा.

वायफायवरून राउटरला मारलेला पिंग अधूनमधून ३०-४० वर उडी मारतो, त्यात फोनची वीज वाचवणं असतं. सलग शंभरच्या वर राहिला तरच वायफायवर संशय घ्या.

एकाच फोनवर टेस्ट झकास पण वेबसाइट उघडायला रेंगाळतात, तर त्या फोनमधला प्रायव्हेट डीएनएस बघा. कुणाच्या तरी सल्ल्याने टाकलेला असतो.

आणि कंपनीला फोन करायचाच असेल तर बाकी सगळं बंद, एकच लॅपटॉप, केबलने जोडलेला, तरीही पिंगमध्ये राउटर १ आणि बाहेर ४०० : हा स्क्रीनशॉट वेळेसकट हाताशी ठेवा. सकाळचा नको, संध्याकाळी ज्या वेळी त्रास होतो त्याच वेळचा. "वायफायमुळे असेल सर" हे उत्तर त्यांच्याकडे तयारच असतं, आणि केबल दिसली की ते देता येत नाही.