निवड न झाल्याचा मेल लिहिताना या चुका टाळा

शेवटच्या फेरीपर्यंत आलेल्या उमेदवाराला नकार कळवताना सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो नकार लपवण्यात. ‘तुमचा अनुभव उत्तम आहे, बोलून आनंद झाला, सध्या आम्ही इतर काही उमेदवारांचा विचार करत आहोत.’ यात ‘नाही’ कुठेच नाही, आणि ‘सध्या’ या शब्दामुळे माणूस वाट बघत राहतो. ‘मग पुढची फेरी कधी?’ असं उत्तर आलं, तर मेल चुकला हे नक्की समजा. आभार पहिल्या वाक्यात आणि निर्णय दुसऱ्या वाक्यात, इतकं सरळ असू द्या.

कारण देताना जास्त जपावं लागतं. ‘आत्मविश्वास कमी वाटला’ किंवा ‘आमच्या टीममध्ये बसणार नाही’ हे माणसावरचे शेरे आहेत आणि ते फार काळ मनाला लागून राहतात. कारण कामाशी जोडलेलं हवं, मुलाखतीच्या नोंदींत सापडणारं हवं आणि जाहिरातीतल्या अटींशी जुळणारं हवं. जाहिरातीत नसलेली अट नकारात पुढे केली, तर उमेदवाराचा राग रास्तच आहे. निवड झालेल्या व्यक्तीशी तुलनाही नको.

समजा, टीम लीडच्या जागेसाठी तीन फेऱ्या झाल्या, उमेदवाराचं तांत्रिक काम चांगलं होतं, पण जाहिरातीत मागितलेला टीम सांभाळण्याचा अनुभव कमी पडला. मेल असा जाईल:

‘नमस्कार, तिन्ही फेऱ्यांसाठी तुम्ही वेळ दिलात, त्याबद्दल मनापासून आभार. टीम लीडच्या जागेसाठी तुमची निवड झालेली नाही. या कामात पहिल्या दिवसापासून आठ जणांची टीम सांभाळायची आहे आणि तो अनुभव आम्हाला कमी वाटला. तुम्ही करून दिलेल्या असाइनमेंटमधली चुका शोधण्याची पद्धत मुलाखत घेणाऱ्यांना विशेष आवडली. काही विचारायचं असेल तर याच मेलला उत्तर द्या.’

कौतुक करायचं तर असं नेमकं करा. काही आठवत नसेल तर आभारांवर थांबा. सगळ्यांना पाठवलेलं कौतुक लगेच ओळखू येतं. ‘पुढे जागा निघाली की नक्की कळवू’ हे वाक्य खरोखर कळवणार असाल तरच लिहा.

आता वेळ. बरेच जण निवडलेला उमेदवार रुजू होईपर्यंत बाकीच्यांना काहीच कळवत नाहीत, म्हणजे नोटीस पीरियडचे महिनेही त्यांच्या वाट बघण्यात जातात. निवडलेल्या उमेदवाराने ऑफर लेखी स्वीकारली की लगेच बाकीच्यांना मेल पाठवा. तोवर दुसऱ्या पसंतीच्या उमेदवाराला थांबवायचं असेल, तर ‘निर्णय अमुक तारखेपर्यंत कळवतो’ असं सांगा आणि ती तारीख पाळा. एवढ्या फेऱ्या दिलेल्या माणसाला सिस्टीममधून आपोआप जाणारा, खाली ‘या मेलला उत्तर देऊ नये’ लिहिलेला नकार पाठवू नका. ज्या रिक्रूटरशी त्याचं बोलणं झालं, त्याच्याच नावाने मेल जायला हवा.