स्लॅब पडण्याआधी वायरिंगचा प्लॅन असा वाचा

सेंटरिंग झालं, सळई बांधून झाली की वायरमन स्लॅबमध्ये पाइप आणि फॅन बॉक्स टाकून घेतो, आणि लगेच काँक्रीट पडतं. त्यानंतर छतातला पॉइंट एक फूट सरकवायचा म्हटलं तरी स्लॅब फोडावा लागतो. म्हणून इलेक्ट्रिकल प्लॅन घरमालकाने स्लॅबच्या आधीच वाचायला हवा. त्यासाठी वायरिंगचं शिक्षण लागत नाही. पाच-सहा खुणा ओळखता आल्या पाहिजेत आणि एका वेळी एकच खोली घेऊन बसलं पाहिजे.

सुरुवात प्लॅनच्या कोपऱ्यातल्या खुणांच्या तक्त्यापासून करा. त्याला लेजंड म्हणतात. दोन आर्किटेक्टच्या खुणा अगदी एकसारख्या असतीलच असं नाही, त्यामुळे शेजाऱ्याच्या प्लॅनवरून किंवा मोबाइलवर सापडलेल्या चित्रावरून अर्थ लावू नका. तुमच्या प्लॅनवरचा तक्ता सांगेल तोच अर्थ. तक्ताच नसेल तर तो लिहून मागा.

तरी बहुतेक प्लॅनवर साधारण असं दिसतं. छोटा गोल आणि त्यातून निघालेली तिरकी रेघ, टोकाला बारीक आडवा फाटा, हे बटण. गोलाच्या दोन्ही बाजूंना तिरक्या रेघा असतील तर ते टू-वे बटण, म्हणजे एकच दिवा दोन जागांवरून लावता-बंद करता येणारं. फुली, किंवा गोलातली फुली, हा दिव्याचा पॉइंट. ट्यूबसाठी दोन्ही टोकांना छोटी दांडी असलेली लांब रेघ असते आणि पंखा पात्यांच्या आकारावरून कळतो. भिंतीला टेकलेलं अर्धवर्तुळ म्हणजे सॉकेट. बऱ्याच प्लॅनवर मोकळं अर्धवर्तुळ 6 अँपिअरचं आणि काळं भरलेलं 16 अँपिअरचं असतं. हा फरक नीट बघा, कारण गिझर, एसी आणि ओव्हनच्या जागी मोकळं अर्धवर्तुळ चालत नाही. 16 अँपिअरच्या पॉइंटला जाड वायर लागते, नंतर नुसतं सॉकेट बदलून भागत नाही.

आता रेघा. दिव्यापासून किंवा पंख्यापासून बोर्डापर्यंत एक तुटक, बहुधा वाकडी रेघ जाते. कोणता दिवा कोणत्या बोर्डावरून लागणार, एवढंच ती सांगते. पाइप भिंतीतून त्याच वाटेने गेलाय असा तिचा अर्थ नाही. त्यामुळे ती रेघ बघून पुढे कधी भिंतीला ड्रिल मारू नका.

सांगलीत विश्रामबाग भागात नवीन घर बांधताना असते तशी एक बेडरूम घेऊ. पूर्व-पश्चिम 12 फूट, दक्षिण-उत्तर 10 फूट. पूर्वेच्या भिंतीत दक्षिण कोपऱ्याला दार, पश्चिमेची पूर्ण भिंत कपाटाला, उत्तरेला खिडकी, पलंगाची उशाची बाजू दक्षिणेच्या भिंतीला.

आधी छत बघू, कारण घाई त्याची आहे. प्लॅनवर पंखा 12 बाय 10 च्या बरोबर मध्यावर काढलेला असतो. पण कपाट 2 फूट खोल आहे, म्हणजे माणसांना उरलेली लांबी 10 फूट. पंखा तिच्या मध्यावर, पूर्वेच्या भिंतीपासून 5 फुटांवर हवा. 6 फुटांवर ठेवला तर तो कपाटाकडे सरकलेला दिसतो आणि वाराही तिकडेच जास्त जातो. मग पंख्याजवळची फुली तपासा. 48 इंची पंख्याचं पातं मध्यापासून 2 फुटांपर्यंत फिरतं. छतातला दिवा या 2 फुटांच्या आत आला की पंखा चालू असताना सगळ्या खोलीत उजेड लुकलुकतो. अशी फुली दिसली तर ती बाहेर ढकलायला सांगा किंवा दिवा भिंतीवर घ्या.

ही अंतरं पट्टीने प्लॅनवर मोजू नका. व्हॉट्सॲपवर आलेली पीडीएफ छोट्या कागदावर छापली की स्केल बिघडतं. प्लॅनवर लिहिलेले आकडे तेवढे धरा. आकडा नसेल तर दोन भिंतींपासूनची अंतरं लिहून घ्या, आणि सेंटरिंगवर फॅन बॉक्स ठेवलेला असताना टेपने मोजून बघा.

भिंतीवरच्या खुणांना प्लास्टरच्या आधीपर्यंत वेळ मिळतो. इथे सगळ्यात जास्त चुकते ती दारामागची खूण. प्लॅनवर दारापाशी पाव वर्तुळाची कमान असते. दार उघडताना ती वाट घेतं. आपल्या खोलीत बिजागऱ्या दक्षिण कोपऱ्याकडे आहेत, म्हणजे उघडं दार दक्षिणेच्या भिंतीला टेकणार. बोर्डाची खूण त्याच भिंतीवर कोपऱ्यात असेल, तर दिवा लावायला रोज आत येऊन दार ओढावं लागेल. बोर्ड दाराच्या कडीच्या बाजूला, पूर्वेच्या भिंतीवर, चौकटीपासून वीतभर अंतरावर हवा. हे कागदावर बोट ठेवून दोन मिनिटांत कळतं.

पुढे छताच्या दिव्यापासून निघालेल्या तुटक रेघा मोजा. दाराशी एक आणि उशाशी एक असं टू-वे हवं असेल तर रेघ दोन्हीकडे गेली पाहिजे आणि दोन्ही ठिकाणी टू-वेचीच खूण पाहिजे. एकीकडे साधी खूण राहिली तर वायरमन प्लॅनप्रमाणे साधं बटण देईल. दोन बटणांमध्ये लागणाऱ्या जादा वायरींसाठी पाइपही टाकला जाणार नाही.

खुणेशेजारचे 300, 1200, 2100 असे आकडे म्हणजे तयार फरशीपासूनची उंची, मिलिमीटरमध्ये. 300 म्हणजे साधारण 1 फूट, 1200 म्हणजे 4 फूट, 2100 म्हणजे 7 फुटांच्या आसपास. एसीचं सॉकेट 2100 ला खिडकीच्या भिंतीवर दाखवलं असेल तर ते पडद्याच्या रॉडला किंवा लिंटेलला अडणार नाही ना, हे बघा. उशाचं सॉकेट 600 ला असेल तर त्याची खूण पलंगाच्या चौकोनाबाहेर हवी, नाहीतर चार्जर लावायला पलंग ओढावा लागेल.

सांगलीत कृष्णेकाठी घर असेल तर तळमजल्यावरचा प्रत्येक 300 चा आकडा थांबून वाचा. 2019 आणि 2021 च्या पुराचं पाणी कुठवर आलं होतं हे गल्लीतली माणसं भिंतीवर हात ठेवून दाखवतात. माझं स्पष्ट मत आहे की अशा ठिकाणी तळमजल्यावर खालचे सॉकेट घेऊच नयेत, 1200 किंवा त्याहून वर न्यावेत. शिवाय बोर्डाशेजारी लिहिलेला सर्किट नंबर डीबीच्या, म्हणजे एमसीबी बसवलेल्या मुख्य पेटीच्या, तक्त्याशी ताडून पाहा. तळमजला आणि वरचा मजला वेगवेगळ्या एमसीबीवर असतील तर ओला झालेला तळमजला बंद ठेवून, पुरवठा सुरू झाल्यावर, वरचा चालू करता येतो.

दुरुस्त्या लाल पेनने प्लॅनवरच करा, तारीख टाका आणि एक प्रत वायरमनकडे द्या. तोंडी सांगितलेलं मिस्त्रीपासून हेल्परपर्यंत पोचेतो बदलतं. पाइप बसले की प्लास्टरच्या आधी प्रत्येक भिंतीचा टेप लावून फोटो काढा, कारण पाइपची खरी वाट फक्त त्यातच दिसेल. जुन्या घराचा प्लॅन हाती आला असेल तर मधल्या काळात कोणी काय बदललं ते त्यात नसतं. तिथे काम करताना मेन स्विच बंद करून, टेस्टरने तपासूनच हात लावा.