कंपनी विकत घेताना ईपीएसचं गणित: सिनर्जी मांडताना या चुका टाळा

चतुर्थीच्या आधी फोंड्याच्या ऑफिसात माझ्याकडे काम शिकणाऱ्या मुलीने एक शीट आणून दाखवली. शेवटच्या ओळीत हिरव्या रंगात लिहिलं होतं: ईपीएस १०.७ टक्क्यांनी वाढतो. ईपीएस म्हणजे एका शेअरमागे येणारा कंपनीचा नफा. ती म्हणाली, "सर, सौदा पहिल्याच वर्षापासून फायद्याचा आहे." बेरीज-वजाबाकी बरोबर होती, पण उत्तर चुकलेलं होतं, आणि असं का होतं हे समजून घेण्यासारखं आहे.

सरावासाठी धरलेलं उदाहरण असं. वेर्ण्याची एक लिस्टेड औषध कंपनी कुंडईची छोटी स्पर्धक कंपनी घेते. मोठीचा निव्वळ नफा १२० कोटी, शेअर १० कोटी, म्हणजे ईपीएस १२ रुपये, बाजारभाव २४०. छोटीचा नफा १५ कोटी, किंमत ३६० कोटी. यातले १८० कोटी नव्या शेअरांतून, म्हणजे ७५ लाख शेअर, आणि उरलेले १८० कोटी ९ टक्क्यांच्या कर्जातून. सिनर्जी, म्हणजे दोन्ही एकत्र आल्याने होणारा फायदा, वर्षाला २० कोटी. कर सोयीसाठी २५ टक्के धरू.

सिनर्जीला हात लावण्याआधी एक गोष्ट बघायची. छोटीची कमाई किमतीच्या ४.२ टक्केही नाही. मोठीचा शेअर देऊन पैसा उभा करायला ५ टक्के पडतात (१२ भागिले २४०), आणि कर्जाला करानंतर ६.७५ टक्के. म्हणजे दोन्ही बाजूंनी ईपीएस खाली येणार हे शीट उघडण्याआधीच कळतं. हिरवं उत्तर आलं, तर तो सगळा हिरवेपणा सिनर्जीतून आला आहे, आणि तपास तिथेच करायचा.

तिची पहिली चूक: २० कोटी कर न कापताच नफ्यात मिळवले होते. व्याजावर मात्र कराची सवलत घेतली होती. एकाच शीटमध्ये खर्च करानंतरचा आणि फायदा कराआधीचा, ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा पाहिली आहे.

दुसरी चूक: अमॉर्टायझेशन, म्हणजे विकत घेतलेल्या ब्रँडसारख्या गोष्टींची किंमत वर्षांवर वाटून खर्चात टाकणं, तिने धरलंच नव्हतं. ती तिला दिसणं कठीणच होतं, कारण छोटीच्या ताळेबंदात ती ओळच नसते. इंड एएस १०३ या हिशेबाच्या मानकाप्रमाणे खरेदीची किंमत वाटताना ब्रँड, ग्राहकांशी असलेले करार यांना वेगळी किंमत लावावी लागते. आपण ७० कोटी आणि १० वर्षं धरली, तर दर वर्षी ७ कोटींचं अमॉर्टायझेशन, करानंतर ५.२५ कोटी. अशी वेगळी किंमत लावून उरलेला जादा भाग म्हणजे गुडविल; त्याचं अमॉर्टायझेशन होत नाही, फक्त इम्पेअरमेंटची, म्हणजे त्याची किंमत घटली का याची, चाचणी होते. म्हणून अनेक जण सगळा फरक गुडविलमध्ये टाकून मोकळे होतात.

कर्जाचं व्याज १६.२ कोटी, करानंतर १२.१५. आता सिनर्जीशिवायचा नफा: १२० + १५ − १२.१५ − ५.२५ = ११७.६ कोटी. शेअर १०.७५ कोटी. ईपीएस १०.९४, म्हणजे ८.८ टक्के घट. जुना ईपीएस टिकवायला कराआधी किती सिनर्जी लागेल?

```
=(12*10.75-117.6)/(1-0.25)
```

उत्तर १५.२ कोटी. शीटमध्ये मी सगळ्यात आधी हाच आकडा शोधतो. २० कोटींच्या अंदाजातले ४.८ कोटींहून जास्त हुकले की ईपीएस जुन्या १२ च्या खाली जातो, हे त्यातून लगेच दिसतं.

मग तिला विचारलं, हे २० कोटी नेमके कुठून येणार? कच्च्या मालाच्या एकत्र खरेदीतून ६, दोन मुख्यालयांचं एक केल्याने ५, आणि कुंडईचा कारखाना बंद करून उत्पादन वेर्ण्याला नेल्याने ९. इथेच वेळेचा प्रश्न येतो. औषधाची जागा बदलणं म्हणजे यंत्र ट्रकात घालून नेणं नव्हे: प्रमाणीकरणाच्या बॅच, स्टॅबिलिटीचा डेटा, नियामकांची मंजुरी. तोवर दोन्ही कारखाने चालू ठेवावे लागतात. त्यामुळे ते ९ कोटी पहिल्या वर्षी शून्य. पुरवठादारांचे जुने करार संपेपर्यंत खरेदीतून ४, मुख्यालयातून ४, एकूण ८ कोटी. शिवाय कामगारांची देणी, सॉफ्टवेअर जोडणं, बॅचचा खर्च मिळून पहिल्या वर्षी एकदाच लागणारे १० कोटी धरले.

पहिल्या वर्षाचा नफा: ११७.६ + ६ − ७.५ = ११६.१ कोटी. ईपीएस १०.८०. म्हणजे १०.७ टक्के वाढ नव्हे, १० टक्के घट. सगळी सिनर्जी हाती आल्यावर, बहुधा तिसऱ्या वर्षी, ईपीएस १२.३३, जेमतेम २.८ टक्के वर. तोही जुन्या १२ रुपयांच्या तुलनेत. मोठी कंपनी एकटी राहूनही तीन वर्षांत वाढलीच असती, म्हणून तुलना त्याच वर्षाच्या एकट्या ईपीएसशी करायची, आणि छोटीचा नफाही त्याच वर्षाचा घ्यायचा.

जादा विक्रीची सिनर्जी तिने धरली नव्हती, ते मला आवडलं. कुणी धरलीच, तर विक्रीचा आकडा नव्हे, त्यावरचं मार्जिनच नफ्यात घ्यावं, आणि तेही वेगळ्या ओळीत, म्हणजे ती ओळ पुसून उरलेलं गणित पाहता येतं.